कोर्स सोडण्याआधीचा मेल: अमेरिकेतला एफ-१ व्हिसा, क्रेडिटचा हिशेब आणि आंतरराष्ट्रीय कार्यालय

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या नोंदणी पोर्टलवर कोर्स सोडण्याचं बटण सगळ्यांसाठी सारखंच असतं. स्थानिक विद्यार्थ्याने दाबलं तरी ते चालतं आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने दाबलं तरी चालतं. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांच्या खात्याला कुलूप लावून ठेवतात, पण सगळीकडे ती सोय नाही. त्यामुळे ‘पोर्टलने सोडू दिलं म्हणजे चालत असणार’ हा समज फसवा आहे. क्रेडिट कमी झाली की पोर्टलवर काहीच घडत नाही. जे घडतं ते सेव्हिसमध्ये, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ज्या प्रणालीत प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद असते तिथे. ती नोंद बदलण्याचा अधिकार विद्यापीठातल्या ठरावीक अधिकाऱ्यांना असतो. त्यांना डीएसओ म्हणतात आणि ते आंतरराष्ट्रीय कार्यालयात बसतात. कोर्स सोडण्याआधी मेल लिहायचा तो त्यांना.

इथे एक गल्लत आधी दूर करायला हवी. मुंबईच्या वाणिज्य दूतावासाने पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा फक्त अमेरिकेच्या दारात उभं राहण्याचा परवाना आहे. त्यावर ५ वर्षांची मुदत छापली असली, तरी आत गेल्यावर ती तुम्हाला वाचवत नाही. तिथे राहण्याचा हक्क ज्यावर टिकतो त्याला तिकडे ‘स्टेटस’ म्हणतात, आणि ते टिकतं पूर्णवेळ शिक्षण चालू असण्यावर. व्हिसा मुदतीत आहे पण स्टेटस गेलं आहे, अशी अवस्था सहज येऊ शकते. घरच्यांना फोनवर हे समजावणं अवघड जातं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तो स्टिकरच असतो.

पूर्णवेळ म्हणजे किती

पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी नियमातच आकडा दिला आहे: सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी आकडा विद्यापीठ ठरवतं. बहुतेक ठिकाणी तो ९ असतो, म्हणजे साधारणपणे ३ कोर्स. उन्हाळी सुट्टीत नोंदणी केली नाही तरी चालतं, पण पुढच्या सेमिस्टरला परत येणार असाल तर. आणि तुमचं पहिलंच सेमिस्टर उन्हाळ्यात सुरू होत असेल, तर मात्र तेही पूर्णवेळच हवं.

आकडा पुरा झाला तरी तो कशाने पुरा झाला, हे पाहावं लागतं. पूर्णपणे ऑनलाइन असलेला एकच कोर्स, किंवा ३ क्रेडिट, एका सेमिस्टरच्या पूर्णवेळ हिशेबात धरली जातात. म्हणजे ९ क्रेडिटपैकी ६ ऑनलाइन असतील तर नोंदणी ९ ची दिसते, पण व्हिसाच्या हिशेबात ती ६ च भरतात. नुसता श्रोता म्हणून बसलेला, म्हणजे ऑडिट केलेला कोर्सही हिशेबात येत नाही. कार्यालयाला मेल लिहिण्याआधी ही मोजणी स्वतः कागदावर करावी. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात, आणि उरलेले नेमके होतात.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. कोर्समध्ये नापास झालात म्हणून पूर्णवेळ नोंदणी मोडत नाही. शेवटपर्यंत वर्गात बसलात, परीक्षा दिलीत आणि ‘एफ’ पडला, तर ती क्रेडिट त्या सेमिस्टरला नोंदलेलीच राहतात. याउलट सेमिस्टरच्या मध्यावर माघार घेऊन गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ आला, तर गुणांची सरासरी वाचते, पण क्रेडिट त्या दिवसापासून कमी होतात. म्हणजे वर्गमित्राला जे शहाणपण वाटतं, तेच एफ-१ वाल्याला महाग पडतं. अर्थात ‘एफ’ची स्वतःची किंमत असते. पदव्युत्तर विभाग सहसा ३.० च्या खालची सरासरी खपवून घेत नाहीत. त्यामुळे हा निर्णय कार्यालय आणि विभाग, दोघांशी बोलूनच करावा.

परवानगी कोणत्या कारणांसाठी मिळते

पूर्णवेळाहून कमी क्रेडिट घेण्याच्या परवानगीला तिकडे ‘रिड्यूस्ड कोर्स लोड’, थोडक्यात आरसीएल म्हणतात. ती देणाऱ्या डीएसओचे हात नियमाने बांधलेले आहेत. दया येऊन ती देता येत नाही. ठळक कारणं तीनच.

पहिलं शैक्षणिक अडचणीचं. यात इंग्रजी भाषेची किंवा वाचनाच्या भाराची सुरुवातीची अडचण, अमेरिकी अध्यापनपद्धतीची ओळख नसणं, आणि आपल्या तयारीपेक्षा वरच्या पातळीच्या कोर्समध्ये टाकलं जाणं, एवढंच येतं. ही सवलत एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते, किमान ६ क्रेडिट तरी चालू ठेवावी लागतात, आणि उन्हाळा वगळून पुढच्या सेमिस्टरला परत पूर्णवेळ व्हावं लागतं.

दुसरं आजारपणाचं. यात गरज असेल तर क्रेडिट शून्यावरही आणता येतात, पण एका पदवीच्या पातळीवर सगळे काळ मिळून १२ महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक सेमिस्टरला परवानगी नव्याने घ्यावी लागते. तिसरं शेवटच्या सेमिस्टरचं: पदवीला जेवढे कोर्स उरलेत तेवढेच घेतले तरी चालतं.

फी भरायला पैसे कमी पडले, नोकरीच्या मुलाखतींची तयारी करायची आहे, प्राध्यापक आवडले नाहीत, सरासरी घसरेल अशी भीती वाटते, ही कारणं या यादीत बसत नाहीत. कितीही कळवळून लिहिलं तरी बसत नाहीत. मात्र खरं कारण यादीत बसत नसेल म्हणून यादीतलं एखादं उचलून चिकटवू नये. शैक्षणिक कारण तुमच्या विभागाच्या सल्लागाराकडून तपासून घेतलं जातं, आणि खोटं तिथे उघडं पडतं.

एक उदाहरण

पुण्यातून बीई करून गेलेली सायली एमएसच्या पहिल्या सेमिस्टरला आहे असं धरू. ३ कोर्स, ९ क्रेडिट, तिन्ही प्रत्यक्ष वर्गातले. तिचं बीई इलेक्ट्रॉनिक्समध्ये झालेलं, आणि आता ती ॲडव्हान्स्ड अल्गोरिदमच्या वर्गात बसली आहे. त्या कोर्ससाठी लागणारं डिस्क्रीट मॅथ्स तिने कधी केलेलं नाही. पहिल्या चाचणीनंतर प्राध्यापकांनीच सांगितलं की आधी पायाभूत कोर्स करून मग हा घे. माघारीची शेवटची तारीख २४ ऑक्टोबर, आज २ ऑक्टोबर. रात्री घाबरून ती जो मेल लिहिते, तो साधारण असा असतो:

> विषय: अर्जंट!!!
>
> आदरणीय सर/मॅडम, मी तुमच्या नामांकित विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. मला एक विषय खूप अवघड जातोय आणि मी खूप टेन्शनमध्ये आहे. मी तो सोडला तर माझ्या व्हिसाला काही होईल का? कृपया लवकरात लवकर मदत करावी ही नम्र विनंती.

हा आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना दिलेल्या अर्जाचा थेट वारस आहे. नम्रतेत काही चूक नाही, पण यात उत्तर देता येईल असं काहीच नाही. कोण विद्यार्थिनी, कोणती पदवी, आत्ता किती क्रेडिट, सोडल्यावर किती उरतील, अवघड म्हणजे नक्की काय, तारीख कोणती? डीएसओला प्रत्येक गोष्ट उलट विचारावी लागणार. सेमिस्टरच्या मध्यावर अशा कार्यालयाकडे मेलचा ढीग असतो, आणि दोन-तीन दिवसांचा एक फेरा धरला तरी चार फेऱ्यांत दीड आठवडा जातो. त्यातून अनेकदा येणारं उत्तर म्हणजे वेबसाइटवरच्या पानाची लिंक.

तोच मेल कामाचा करायचा तर त्याचा आशय असा हवा (प्रत्यक्षात तो इंग्रजीतच जाईल):

> विषय: आरसीएलबद्दल विचारणा, एफ-१, एमएस कॉम्प्युटर सायन्स, माघारीची मुदत २४ ऑक्टोबर
>
> नमस्कार,
>
> एक कोर्स सोडण्यासाठी मला शैक्षणिक कारणावर आरसीएल मिळू शकेल का, हे विचारायचं आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत मी कोर्स सोडणार नाही.
>
> मी एमएसच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. सध्या ९ क्रेडिट, तिन्ही कोर्स प्रत्यक्ष वर्गातले. ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम (३ क्रेडिट) सोडल्यास ६ उरतील. या कोर्ससाठी लागणारं डिस्क्रीट मॅथ्स माझ्या बीईमध्ये नव्हतं. आधी पायाभूत कोर्स करावा असं प्राध्यापकांनी २९ सप्टेंबरच्या मेलमध्ये सुचवलं आहे. तो मेल सोबत जोडला आहे. मी याआधी आरसीएल घेतलेली नाही.
>
> माझे तीन प्रश्न: हे कारण पातळीपेक्षा वरच्या कोर्समध्ये नोंदणी या प्रकारात बसतं का? बसत असल्यास कोणता फॉर्म आणि कोणाची सही लागेल? २४ ऑक्टोबरपूर्वी निर्णय होण्यासाठी मी फॉर्म कधीपर्यंत द्यावा?
>
> सायली (पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे), विद्यार्थी क्रमांक, सेव्हिस क्रमांक

या मेलमध्ये तीन-चार गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. पहिल्याच दोन वाक्यांत मागणी आणि सर्वांत महत्त्वाची ग्वाही आहे: अजून काही सोडलेलं नाही. ते वाचताच समोरच्या माणसाला कळतं की हे प्रकरण अजून वाचवता येण्याजोगं आहे. क्रेडिटचा हिशेब आधीचा आणि नंतरचा, दोन्ही दिला आहे. कारण भावनेतून न मांडता तपासता येईल अशा वस्तुस्थितीतून मांडलं आहे. आणि ‘व्हिसाला काही होईल का’ असा मोघम प्रश्न नसून तीन वेगळे, उत्तर देता येतील असे प्रश्न आहेत.

तारखांचंही असंच. अमेरिकेत ९/१० म्हणजे १० सप्टेंबर, आपल्याकडे ९ ऑक्टोबर. महिना नेहमी अक्षरांत लिहावा. सेव्हिस क्रमांक आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर, वरच्या बाजूला छापलेला असतो आणि इंग्रजी ‘एन’ या अक्षराने सुरू होतो. मेल विद्यापीठाच्या खात्यावरूनच पाठवावा. खाजगी खात्यावरून आलेल्या मेलला काही कार्यालयं ओळख पटेपर्यंत उत्तरच देत नाहीत. पासपोर्टची स्कॅन न मागता जोडू नये. एकच मेल चार अधिकाऱ्यांना वेगवेगळा पाठवण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा, नाहीतर चार अर्धवट उत्तरं येतात आणि कोणतं धरायचं तेच कळत नाही.

मेल आईवडिलांनी लिहू नये, हेही सांगून ठेवायला हवं. अमेरिकेत फर्पा नावाच्या कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा असतो. नाशिकहून बाबांनी कितीही कळकळीने विचारलं, तरी मुलाच्या लेखी संमतीशिवाय कार्यालय त्यांना नोंदींमधला तपशील सहसा सांगत नाही.

उत्तर आलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

सायलीला समजा दोन दिवसांनी उत्तर आलं: हे कारण बसू शकतं, विभागाच्या सल्लागाराकडून फॉर्म भरून आणा. इथे पुष्कळ जण घाई करतात. ‘बसू शकतं’ हे वाचून सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि त्याच संध्याकाळी कोर्स सोडतात. पण हे उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी तेव्हा होते, जेव्हा डीएसओ सेव्हिसमध्ये ती नोंदवतो आणि नवीन आय-२० देतो. आय-२० च्या दुसऱ्या पानावर कमी क्रेडिटच्या परवानगीसाठी वेगळी चौकट असते. तिथे कारण आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे छापलेलं दिसलं की मग काम झालं.

म्हणून क्रम असा राहतो: मेल, फॉर्म, सल्लागाराचं लेखी मत, नवीन आय-२०, आणि मग कोर्समधून माघार. माघारीनंतर त्याच मेलच्या साखळीत एक ओळ टाकावी की अमुक तारखेला कोर्स सोडला, आता ६ क्रेडिट आहेत. नव्या आय-२० वर सही करावी आणि जुने सगळे आय-२० जपून ठेवावेत. पुढे व्हिसा नूतनीकरण किंवा नोकरीच्या अर्जात जुना इतिहास विचारला जातो. क्रेडिट कमी झाल्याने विद्यापीठाची असिस्टंटशिप किंवा आरोग्य विम्याची अट मोडते का, आणि त्या तारखेला फीचा किती परतावा मिळतो, हे कार्यालय आपणहून सांगेलच असं नाही. ते प्रश्न संबंधित विभागांना वेगळे विचारावे लागतात.

जानेवारीत सायलीला पुन्हा ९ क्रेडिट घ्यायची आहेत, आणि आता एमएस संपेपर्यंत शैक्षणिक कारणाची सवलत तिच्याकडे उरलेली नाही. म्हणून जानेवारीची नोंदणी करताना कोर्सच्या आधीच्या अटी आत्ताच वाचून घ्याव्यात.

आजारपण असेल तर

इथे मेल सोपा असतो आणि डॉक्टरांच्या पत्रावर घोडं अडतं. नियमाप्रमाणे पत्र परवानाधारक वैद्यकीय डॉक्टरचं, ऑस्टिओपॅथी डॉक्टरचं किंवा परवानाधारक सायकॉलॉजिस्टचं हवं. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात ज्यांच्याकडे तुम्ही महिनोन्महिने जाता ते समुपदेशक किंवा सोशल वर्कर असतील, तर त्यांचं पत्र एकट्याने पुरत नाही. नैराश्य किंवा चिंताविकारासाठी मदत घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते: उपचार योग्य, पण पत्रावरची पदवी चुकीची. पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्यावं की कोणाचं पत्र चालेल, आणि भारतातल्या डॉक्टरांचं असेल तर ते स्वीकाराल का. पत्रात कोणत्या सेमिस्टरपुरतं आणि किती भार झेपेल, काही क्रेडिट की अजिबात नाही, याची स्पष्ट शिफारस असावी. आजाराचा सगळा तपशील मेलमध्ये ओतायची गरज नाही.

आधीच कोर्स सोडून बसला असाल तर

त्याच दिवशी लिहा. ‘आता कळलंच नाही तर बरं’ असा विचार इथे उपयोगी नाही, कारण क्रेडिट कमी झाल्याची यादी कार्यालयाकडे नियमितपणे येते, आणि कळल्यावर डीएसओला २१ दिवसांत सेव्हिसमध्ये नोंद करावी लागते. मेलमध्ये कोणत्या तारखेला सोडला, आता किती क्रेडिट आहेत आणि परवानगी घेतली नव्हती, हे सरळ सांगावं. मग दोन व्यावहारिक प्रश्न विचारावेत: तोच कोर्स परत घेता येईल का, आणि सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारा सात-आठ आठवड्यांचा एखादा कोर्स घेऊन आकडा भरून काढता येईल का. हा दुसरा मार्ग अनेकांना माहीतच नसतो.

काहीच जमलं नाही आणि नोंद रद्द झाली, तर कॅम्पसवरची नोकरी त्या क्षणी थांबवावी लागते, आणि देश सोडण्यासाठी सवलतीचे दिवस मिळत नाहीत. परवानगी घेऊन शिक्षण अर्धवट सोडणाऱ्याला १५ दिवस मिळतात, पदवी पूर्ण करणाऱ्याला ६०. विनापरवानगी क्रेडिट कमी करणाऱ्याला एकही नाही. त्यानंतर आय-५३९ या अर्जाने स्टेटस परत मिळवण्याची विनंती करता येते, पण ती साधारणपणे स्टेटस गेल्यापासून ५ महिन्यांच्या आत. या टप्प्यावर मेल पुरेसा नाही, इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

शेवटचं सेमिस्टर

एकच कोर्स उरलाय, तोही ऑनलाइन घेऊ आणि न्यू जर्सीत भावाकडे राहू, असा बेत दर वर्षी कोणीतरी आखतं. पदवीला एकच कोर्स उरला असेल तर तो पूर्णपणे ऑनलाइन चालत नाही. वर्गात प्रत्यक्ष जावं लागतं. शिवाय शेवटच्या सेमिस्टरची आरसीएल आपोआप लागू होत नाही, तीही आधी मागावी लागते. ती मिळाल्यावर आय-२० ची समाप्तीची तारीख बहुतेक ठिकाणी त्या सेमिस्टरच्या शेवटावर आणली जाते, आणि ओपीटीच्या, शिक्षणानंतर अमेरिकेत काही काळ काम करण्याच्या परवानगीच्या, अर्जाची खिडकी, म्हणजे समाप्तीच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत, त्या नव्या तारखेवरून मोजली जाते. त्यामुळे या वेळच्या मेलमध्ये आणखी दोन प्रश्न घालावेत: माझ्या आय-२० ची समाप्तीची तारीख बदलणार का, आणि ओपीटीचा अर्ज मी कोणत्या तारखेपासून करू शकेन?